मुरूम, चुनखडी आणि हवेतला कार्बन

घाटातल्या रस्त्यासाठी डोंगर कापला की काळ्या दगडाचे गोलगोल गोटे दिसतात. त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात, आणि बोटाने दाबला तर बाहेरचा पापुद्रा मुरूम होऊन खाली पडतो. पाऊस पडताना हवेतला थोडा कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतो, मातीत मुळांच्या श्वसनातून त्यात आणखी भर पडते, आणि हे सौम्य आम्ल या काळ्या दगडातली, म्हणजे बेसाल्टमधली, सिलिकेट खनिजे खात राहते. सुटलेले कॅल्शियम आणि बायकार्बोनेट नदीने समुद्रात जातात, तिथे शंखशिंपल्यांची आणि सूक्ष्मजीवांची कवचे होतात, पुढे चुनखडी. खर्च झालेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दर दोन रेणूंपैकी एक इथे दगडात अडकतो. चुनखडीच झिजली तर मात्र घेतलेला कार्बन समुद्रात कवच बनताना परत सुटतो, म्हणून लांबच्या हिशेबात ती मोजत नाहीत.

हा हिशेब पहिल्यांदा 1845 मध्ये जाक-जोसेफ एबेलमेन या फ्रेंच खाण अभियंत्याने मांडला. ज्वालामुखी कार्बन डायऑक्साइड ओकतात आणि दगडांची झीज तो परत घेते, हेही त्याने ओळखले होते. 1852 मध्ये, चाळिशीही गाठण्याआधी, तो वारला आणि त्याचे काम विस्मरणात गेले. शंभरेक वर्षांनी अमेरिकेत हॅरल्ड युरीने तेच समीकरण नव्याने लिहिले.

पण ही झीज पृथ्वीचे तापमान आटोक्यात ठेवणारा थर्मोस्टॅट आहे असे म्हणतात, ते कशावरून? कोडे सूर्याचे होते. चार अब्ज वर्षांपूर्वी तो आजच्यापेक्षा सुमारे पाव हिश्श्याने मंद होता, तरी तेव्हा पृथ्वीवर पाणी वाहत असल्याच्या खुणा सापडतात. 1981 मध्ये वॉकर, हेज आणि कास्टिंग या संशोधकांनी दुवा जोडला. उष्मा वाढला की पाऊस वाढतो, खनिजांवरची रासायनिक क्रियाही वेगाने होते आणि हवेतला कार्बन जास्त खर्च होतो. गारठा पडला की झीज मंदावते, ज्वालामुखींचा वायू मात्र साठतच जातो. उत्तर मला तरी फार सुरेख वाटते.

दख्खनचा कातळ याचे उत्तम उदाहरण आहे. 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा ओतला गेला तेव्हा त्याबरोबर आलेल्या कार्बन डायऑक्साइडने हवा तापवली. पुढे तोच लाव्हा थंड होऊन पावसात झिजू लागला, आणि बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा बराच वेगाने झिजतो. इथल्या नद्यांच्या पाण्याचे पृथक्करण करून 2001 मध्ये फ्रेंच संशोधकांनी गणित मांडले : ऊब ओसरल्यावर, या नव्या कातळामुळे पृथ्वी आधीपेक्षाही सुमारे अर्धा अंश थंड झाली असावी.

वेग मात्र दगडाचाच. 5.6 कोटी वर्षांपूर्वी अचानक तापलेली पृथ्वी पूर्ववत व्हायला लाखभर वर्षांहून जास्त काळ लागला. आज माणूस जगातल्या सगळ्या ज्वालामुखींच्या कित्येक पटींनी कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्यावरही ही झीज उतारा काढेल, पण लाखो वर्षांच्या हप्त्यांनी.