पाइपवर ४८० छापलंय म्हणून तो १०० वाल्यापेक्षा भारी असतो का?

मागे एका ग्राहक ताईंनी गीझरच्या लाइनसाठी दोन पाइपचे फोटो पाठवले आणि विचारलं की दादा पांढऱ्यावर ४८० लिहिलंय आणि क्रीम रंगाच्यावर फक्त १००, मग पांढराच मजबूत ना, तोच घेऊ का? हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा येतो की शेवटी हे माहितीपत्रकच काढलं. त्यांच्या फोटोत साधारण हे दिसत होतं:

```
3/4" PVC 1120 SCH 40 480 PSI @ 73°F NSF-pw ASTM D1785
3/4" CPVC 4120 SDR 11 100 PSI @ 180°F NSF-pw ASTM D2846
```

प्रेशरच्या आकड्यापुढे जे तापमान छापलंय ना, ते आधी वाचा. ७३ फॅरनहाइट म्हणजे २३ सेल्सियस, म्हणजे थंड पाणी. १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सियस, हात लावता येणार नाही असं कडकडीत पाणी. म्हणजे पहिला पाइप थंड पाण्याला ४८० पीएसआय झेलतो, आणि दुसरा ८२ डिग्रीलासुद्धा १०० झेलतो. तोच दुसरा पाइप २३ डिग्रीवर ४०० झेलतो, पण ते या ओळीत लिहिलेलंच नाही, त्यामुळे बघणाऱ्याला तो उगाच कमजोर वाटतो.

आता पांढरा पीव्हीसी तापला की काय होतं ते बघा. प्लास्टिक गरम झालं की नरम पडतं, आणि पीव्हीसीला ६० डिग्रीवर छापील प्रेशरला ०.२२ ने गुणायचं असतं. ४८० गुणिले ०.२२ म्हणजे साधारण १०५. ताई म्हणाल्या मग १०५ तरी १०० पेक्षा जास्तच आहे की! हो, पण पीव्हीसीची हद्दच ६० ला संपते, त्याच्या वर तो वापरायचाच नाही, आणि गीझरचा थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी ६० वर थांबत नाही. मग पाइप वाकतो, लोंबतो, जॉइंट सुटतो. म्हणून गरम लाइनला सीपीव्हीसीच घ्या, इथे आम्ही अजिबात तडजोड करत नाही.

साइजचा घोळ तर त्याहून मोठा आहे. दोन्हीवर पाऊण इंच लिहिलंय, पण पीव्हीसीचा बाहेरचा व्यास २६.७ मिलिमीटर भरतो आणि या सीपीव्हीसीचा २२.२, कारण तो तांब्याच्या नळीच्या मापात बनवलेला असतो. एकाचा एल्बो दुसऱ्यावर बसत नाही, आणि चिकटवायचं सोल्यूशनपण दोघांचं वेगळं असतं. त्यामुळे फिटिंग मागवताना नुसतं 'पाऊण इंची' सांगू नका, मटेरियलचं नाव पण सांगा.

एसडीआर ११ म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट, त्यामुळे इथे आकडा लहान तेवढी भिंत जाड. शेड्यूलचं उलटं आहे, ४० पेक्षा ८० जाड. फोटोत ४० आणि ८० मधला फरक बऱ्याचदा पुसट दिसतो, तेव्हा कापलेल्या टोकाला भिंत मोजा: पाऊण इंची पीव्हीसीत शेड्यूल ४० ची भिंत कमीत कमी २.९ मिलिमीटर आणि ८० ची ३.९, मोजपट्टीनेसुद्धा कळतं.

ओळीत NSF च्या पुढे आलेलं pw हे पिण्याच्या पाण्यासाठी. तिथे dwv असेल तर तो सांडपाण्याचा पाइप. आणि इथे लोक खरंच फसतात, कारण सांडपाण्याचा एक पाइप बाहेरून अगदी शेड्यूल ४० सारखाच जाड असतो पण आत भिंतीच्या मधोमध फेसाळ थर असतो. कापलेल्या टोकाकडे नीट बघा, मधे बारीक छिद्रांचा पट्टा दिसला की तो प्रेशरच्या लाइनला चालणार नाही. ओळीत पीएसआयचा आकडाच नसेल तरी तेच समजा, अंदाजाने मनातला आकडा धरू नका.

फोटो पाठवताना एवढं करा. पाइपवरची ओळ ठराविक अंतराने पुन्हा छापलेली असते, त्यामुळे छोट्या तुकड्यावर ती अर्धीच येते, मग पाइप फिरवून आणि पुढे सरकवून दोन-तीन फोटो काढा. ओळ पुसट असेल तर पाइप ओल्या कपड्याने पुसा आणि टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरका धरा, अक्षरं उठून दिसतात. कापलेल्या टोकाचा एक फोटो मोजपट्टी लावून काढा, कारण नुसत्या फोटोवरून २२ आणि २७ मिलिमीटरमधला फरक आम्हालाही सांगता येत नाही. आणि पाणी थंड की गरम, ते मेसेजमध्ये आधी लिहा.