नथ, सोळा चित्रे आणि एक केबल

नथ हा छायाचित्रकाराची परीक्षा पाहणारा दागिना आहे. आकार जेमतेम चार सेंटीमीटर, मधोमध लाल खडा, भोवती सोन्याच्या तारेत ओवलेले मोती, आणि यातला प्रत्येक मोती कॅमेऱ्यापासून वेगळ्या अंतरावर. असा दागिना ऑनलाइन विकायचा असेल तर चित्राचे नियमही कडक असतात. उदाहरणार्थ, अॅमेझॉनवर मुख्य चित्राची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांचे मूल्य २५५, आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापलेला असावा लागतो. या एका नथीचे चित्र स्टुडिओत घेताना कॅमेरा केबलने संगणकाला जोडून काम का करतात आणि त्या केबलमधून नेमके काय घडते, ते पाहू. या पद्धतीला व्यवसायात ‘टेदर्ड शूटिंग’ किंवा नुसते ‘टेदरिंग’ म्हणतात.

आपला कॅमेरा ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा आणि ६००० × ४००० पिक्सेलचा आहे असे धरू. त्रेचाळीस मिलिमीटर रुंदीच्या नथीने चौकटीच्या रुंदीचा ८५ टक्के भाग भरायचा, तर चौकटीत जेमतेम ५१ मिलिमीटरची जागा मावते. म्हणजे सेन्सरवर पडणारी प्रतिमा खऱ्या नथीच्या सुमारे ०.७ पट असते. इतक्या जवळून, मॅक्रो लेन्सने f/8 छिद्रावर चित्र घेतले, तर नीट रेखीव दिसणाऱ्या थराची जाडी सुमारे एक मिलिमीटर भरते. नथीची पुढून मागे खोली मात्र बारा मिलिमीटर आहे. समोरचा मोती स्पष्ट दिसला तर मागची तार धूसर, आणि तार स्पष्ट केली तर मोती धूसर, अशी ही अडचण आहे. छिद्र आणखी लहान करावे, हा पहिला सुचणारा उपाय. पण लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात, आणि एवढ्या जवळच्या चित्रणात f/22 पर्यंत गेले तर खोली वाढते, पण सगळेच चित्र मऊ पडते.

म्हणून व्यवहारात फोकस थोडा थोडा मागे सरकवत एकामागून एक चित्रे घेतात आणि प्रत्येक चित्रातला रेखीव भाग सॉफ्टवेअरने एकत्र जोडतात. याला ‘फोकस स्टॅकिंग’ म्हणतात. लगतचे थर एकमेकांवर थोडे चढावेत म्हणून एका मिलिमीटरऐवजी ०.८ मिलिमीटरची पावले टाकली, तर बारा मिलिमीटरसाठी सोळा चित्रे लागतात.

टेदरिंगचा खरा उपयोग इथे कळतो. ०.७ पट प्रतिमेत नथ आणि कॅमेरा यांच्यात आडवा एक शतांश मिलिमीटर फरक पडला, तरी सेन्सरवर प्रतिमा सुमारे एका पिक्सेलने सरकते, कारण या सेन्सरचा एक पिक्सेल ०.००६ मिलिमीटरचा असतो. फोकसची कडी बोटाने फिरवली, कॅमेऱ्यामागचा पडदा पाहायला वाकून ट्रायपॉडला हात टेकवला, बटण दाबले, की दर वेळी प्रतिमा कित्येक पिक्सेल हलणार. जोडणारे सॉफ्टवेअर थोडी सरक दुरुस्त करते, पण कोन बदलला असेल तर मोत्यामागे झाकलेली तार एका चित्रात दिसते आणि दुसऱ्यात दिसत नाही, आणि मग मोत्याच्या कडेला दुहेरी रेघ उमटते. टेदरिंगचा पहिला लाभ म्हणून मोठा पडदा सांगितला जातो. माझ्या मते हात कॅमेऱ्यापासून दूर राहतो, हा त्याहून मोठा लाभ आहे.

मोठा पडदाही अर्थात कामाचा आहे. अनेक कॅमेऱ्यांच्या मागच्या पडद्याची क्षमता १०.४ लाख ‘डॉट’ अशी लिहिलेली असते. लाल, हिरवा आणि निळा असे तीन ठिपके मिळून एक पिक्सेल होतो, म्हणून प्रत्यक्षात ते साडेतीन लाख पिक्सेलच असतात. दोन कोटी चाळीस लाख पिक्सेलचे चित्र त्यावर पूर्ण पाहिले, तर पडद्याच्या एका पिक्सेलमध्ये चित्रातले जवळजवळ सत्तर पिक्सेल कोंबलेले असतात. तिथे ‘छान आलंय’ वाटलेला मोती संगणकावर शंभर टक्के आकारात पाहिला की त्याच्या अंगावर धुळीचा कण आणि सॉफ्टबॉक्सचे वाकडे प्रतिबिंब दिसते. हे नथ अजून टेबलावर असताना कळले, तर काम पाच मिनिटांचे असते. ग्राहकाने दागिना परत नेल्यावर कळले, तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

आता केबलकडे वळू. कॅमेरा संगणकाला जोडला की तो पेनड्राइव्हसारखा वागत नाही. तो पीटीपी नावाच्या शिष्टाचाराने बोलतो. २००० साली प्रकाशित झालेला हा शिष्टाचार पुढे आयएसओ १५७४० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात संगणक विचारतो आणि कॅमेरा उत्तर देतो. ‘छिद्र f/8 कर’, ‘चित्र घे’ असा हुकूम संगणकाकडून जातो, आणि कॅमेरा तो पाळून ‘झाले’ असे कळवतो. चित्र तयार झाले की कॅमेरा स्वतःहून एवढाच निरोप पाठवतो की अमुक क्रमांकाची नवी वस्तू माझ्याकडे आली आहे. मग संगणक त्या क्रमांकाची वस्तू मागतो आणि तेव्हाच फाइल केबलमधून वाहू लागते. चित्र काढणे आणि चित्र पोचणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे ध्यानात ठेवले तर पुढच्या निम्म्या तक्रारींचे कारण आपोआप उलगडते.

विंडोज किंवा मॅकवर कंपन्यांची सॉफ्टवेअरे हे संभाषण पडद्यामागे करतात. लिनक्सवर ते gphoto2 या खुल्या साधनाने उघड्या डोळ्यांनी पाहता येते. खालचे आदेश कॅनन कॅमेऱ्यासाठी आहेत:

```
gphoto2 --auto-detect
gphoto2 --set-config capturetarget="Memory card"
gphoto2 --capture-image-and-download --keep \
  --filename "nath_%H%M%S.%C"
```

पहिल्या ओळीने कॅमेरा दिसतो की नाही ते कळते. दुसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती दिली नाही तर चित्र कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत राहू शकते, आणि ते संगणकावर पोचण्याआधी केबल सुटली तर ते कुठेच उरत नाही. तिसऱ्या ओळीतला --keep हा शब्दही त्याच काळजीचा आहे. तो नसेल तर फाइल उतरवून झाल्यावर कार्डावरची प्रत पुसली जाते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कार्ड आणि संगणक दोन्हीकडे साठवा’ असा पर्याय असतो, तिथे तोच निवडावा. फाइलच्या नावात वेळ घातल्याने सोळा चित्रांचा क्रमही बिघडत नाही.

फोकस सरकवण्यासाठी सॉफ्टवेअरच्या थेट दृश्याच्या खिडकीत बाण असतात. कॅननच्या ईओएस युटिलिटीत लहान, मध्यम आणि मोठे असे तीन टप्पे मिळतात. लहान टप्प्याने लेन्स नेमकी किती सरकते ते प्रत्येक लेन्सचे वेगळे असते, म्हणून आधी टेबलावर एक पट्टी तिरकी ठेवून किती टिचक्यांत रेखीव भाग ०.८ मिलिमीटर पुढे जातो ते मोजून घ्यावे. या कामासाठी लेन्सवरची कळ स्वयंचलित फोकसवर ठेवावी लागते, नाहीतर संगणकाला मोटर फिरवता येत नाही. पण मग शटर दाबताना कॅमेरा पुन्हा स्वतःच फोकस शोधायला लागून आपली मोजणी मोडू शकतो. त्यासाठी कॅमेऱ्याच्या मेनूत शटर बटणावरून फोकसचे काम काढून दुसऱ्या बटणाकडे द्यावे. ते झाले नसेल तर ओळखणे सोपे आहे. सोळाही चित्रांत तोच मोती रेखीव आलेला असतो.

एक फाइल साधारण ३० मेगाबाइटची धरली, तर सोळा चित्रांचे ४८० मेगाबाइट होतात. यूएसबी २.० चा छापील वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट असला, तरी हातात त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतो. म्हणून एका चित्राला साधारण एक सेकंद लागतो. फ्लॅश पुन्हा भरायलाही एखादा सेकंद जातो, त्यामुळे या कामात जुनी केबलही अडत नाही. कपड्यांच्या मॉडेलसाठी भराभर चित्रे घेताना मात्र ती अडते.

वेगापेक्षा लांबी जास्त त्रास देते. यूएसबी २.० मध्ये साध्या केबलची मर्यादा पाच मीटर आहे, आणि तिचे कारण विलंबाचे आहे. संगणक माहितीचा तुकडा पाठवतो आणि ‘मिळाला’ या उत्तराची ठरावीक क्षणच वाट पाहतो. म्हणून एका केबलला जास्तीत जास्त २६ नॅनोसेकंदांचा विलंब परवडतो, आणि तांब्याच्या तारेत तेवढ्या वेळात संकेत पाचेक मीटर जातो. तारा लांबवल्या की उत्तर उशिरा येते आणि ते हरवले असे समजून तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो. यूएसबी ३ चे संकेत त्याहून जलद बदलतात आणि तारेत लवकर क्षीण होतात, त्यामुळे साधी केबल तीन मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. जास्त अंतर हवे असेल तर मधे संकेत पुन्हा ताजा करणारी चिप असलेली ‘अॅक्टिव्ह’ केबल घ्यावी.

फाइल वाहताना प्रत्येक तुकडा तपासला जातो आणि बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवला जातो. त्यामुळे खराब केबलने चित्रात रेघा किंवा ठिपके सहसा येत नाहीत. आधी चित्र पोचायला उशीर होऊ लागतो आणि मग जोडणीच तुटते. एक सेकंदात येणारे चित्र चार सेकंद घेऊ लागले, तर पुढचे तुटण्याची वाट न पाहता केबल बदलावी.

कॅमेरा मुळीच दिसत नसेल, तर बहुधा केबल फक्त चार्जिंगची असते आणि तिच्यात माहितीच्या तारा नसतात, किंवा कॅमेरा झोपलेला असतो. कॅमेऱ्याचा आपोआप बंद होण्याचा पर्याय आणि लॅपटॉपचा यूएसबी वीजबचतीचा पर्याय, दोन्ही आधी बंद करावेत. कॅमेरा दिसतो पण ‘Could not claim the USB device’ असा संदेश येतो, तेव्हा दुसऱ्याच प्रोग्रॅमने त्याला धरून ठेवलेले असते, कारण पीटीपीत एका वेळी एकच विचारणारा असतो. लिनक्सवर बहुधा फाइल व्यवस्थापकाने कॅमेरा आपोआप उघडलेला असतो, तो आधी सोडवावा लागतो.

पोर्टची काळजी वेगळी घ्यावी लागते. केबलला पाय अडकला तर धक्का थेट कॅमेऱ्यातल्या नाजूक खाचेवर जातो. म्हणून केबलचा थोडा ढिला वळसा ट्रायपॉडच्या पायाला चिकटपट्टीने किंवा पकडीने बांधावा, आणि भडक नारिंगी केबल घ्यावी, म्हणजे अंधाऱ्या स्टुडिओतही ती नजरेत राहते.

सोळा चित्रांआधी एक चित्र राखाडी कार्डाचे घ्यावे आणि त्यावरून ठरवलेले रंगसंतुलन पुढच्या सगळ्या चित्रांना लावावे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोत्याची कड हरवते, म्हणून नथीच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. त्यांचे काळे प्रतिबिंब मोत्याच्या कडेला बारीक रेघ देते. मग संगणकावर कर्सर फिरवून आकडे वाचावेत: पार्श्वभूमी २५५ आणि मोत्याचे अंग २४० च्या आत राहिले, तर पट्ट्यांची जागा बरोबर आहे. मोतीही २५५ झाला असेल तर त्याची झिलई नोंदलीच गेलेली नाही. अशा वेळी मागचा दिवा तसाच ठेवून पुढचा दिवा कमी करावा, पुन्हा एक चित्र घ्यावे आणि मगच पहिल्या मोत्यापासून सोळा पावलांना सुरुवात करावी.