२२ जून लक्षात राहिला, प्लेगची साथ विस्मरणात गेली

जून उजाडला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर रँडचा वध हमखास येतो. चापेकर बंधू, गणेशखिंड रस्ता, घोडागाडी, ‘गोंद्या आला रे’ ही खूण, हे सगळं शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. ज्या प्लेगमुळे हे घडलं, त्या प्लेगने मेलेल्या पुणेकरांसाठी मात्र वर्षातला एकही दिवस राखलेला नाही. १८९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या साथीने पुढच्या काही दशकांत देशभरात एक कोटीहून अधिक माणसं नेली. एवढं मोठं मरण मागे पडतं आणि एक रात्र लख्ख आठवते, याची कारणं १८९७ च्या त्या काही महिन्यांतच शोधावी लागतात.

आधी तारखा. साथ मुंबईहून पुण्यात पोचल्यावर फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याला पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख नेमलं. १३ मार्चपासून घरझडत्या सुरू झाल्या आणि १९ मेपर्यंत चालल्या. गोऱ्या आणि देशी सैनिकांच्या तुकड्या पेठापेठांतून फिरायच्या. सैनिक वाड्यात शिरून आजारी माणूस शोधायचे, त्याला इस्पितळात हलवायचे आणि घरातल्या बाकीच्यांना विलगीकरणाच्या छावणीत पाठवायचे. मग घर धुऊन काढलं जायचं आणि सामानसुमान जाळलं किंवा बाहेर टाकलं जायचं. देवघरात आणि स्वयंपाकघरात बूट घालून शिरणं, बायकांची सर्वांदेखत तपासणी करणं, यावरून शहर पेटलं होतं.

त्यानंतर जूनमध्ये दहा दिवसांच्या आत पुण्यात दोन स्मरणसोहळे झाले. १२ आणि १३ जूनला शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. त्यातल्या भाषणांचा वृत्तान्त १५ जूनच्या ‘केसरी’त छापून आला आणि पुढे त्याच मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. दुसरा सोहळा सरकारी होता. २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव म्हणून गणेशखिंडीतल्या गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी होती. मध्यरात्रीच्या सुमारास तिथून परतताना दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला.

म्हणजे ज्या तारखेला आपण आज चापेकरांचं स्मरण करतो, ती मुळात राणीच्या सोहळ्याची होती. रँडचं प्रत्यक्ष मरण त्यानंतर अकरा दिवसांनी झालं आणि दामोदरांना फाशी १८ एप्रिल १८९८ रोजी. तरीही लोकांच्या मनात २२ जूनच राहिला, कारण त्यात वेळ, जागा, शत्रू आणि कृती असं सगळं एकाच रात्रीत सापडतं. स्मृतिदिन धरायला हेच लागतं. साथीला असा दिवस नसतो. ती एखाद्या पेठेत हळूच शिरते, उन्हाळ्यात ओसरते आणि पुन्हा उसळते. रँडच्या मृत्यूनंतरही ती पुण्यात वर्षानुवर्षं परतत राहिली. ही नंतरची मरणं २२ जूनच्या गोष्टीत बसतच नाहीत, कारण गोष्ट रँडबरोबरच संपते.

सिनेमाने ही चौकट पक्की केली. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या १९७९ च्या मराठी चित्रपटाचं नावच ‘२२ जून १८९७’ आहे. २०१९ च्या वेबमालिकेने शीर्षकाला ‘गोंद्या आला रे’ हीच हाक घेतली. कथापटाने एक रात्र निवडली यात गैर काहीच नाही. अडचण येते ती माहितीपटात, कारण तिथे दाखवायला अस्सल चित्र लागतं आणि पुण्याच्या झडत्यांचं चलचित्रण झालेलंच नाही. मग निवेदन पुण्याचं आणि छायाचित्रं दुसऱ्याच शहराची, असा प्रकार सहज होऊ शकतो. १८९७ च्या सुमाराची सहज मिळणारी बरीच छायाचित्रं कॅप्टन मॉस यांनी मुंबईत आणि जालभॉय यांनी कराचीत काढलेली आहेत. ओळखायची रीत सोपी आहे. सुटं चित्र घेऊ नये, ते ज्या संग्रहातून आलं त्याचं मूळ शीर्षक आणि चित्राखालची ओळ वाचावी. मग घरं पाहावीत. मुंबईच्या चित्रांत चाळींचे मजले दिसतात, कसब्यातला चौकाचा वाडा तिथे सापडणार नाही.

लिखित साधनांचंही तसंच. दामोदर चापेकरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं, त्यामुळे त्यांची बाजू त्यांच्याच शब्दांत मिळते. ते मुळातून वाचलं तर त्यात प्लेगखेरीज बरंच काही आहे. इंग्रजी राज्याबद्दलचा जुना संताप आहे, तसाच तेव्हाच्या समाजसुधारकांविषयीचा रागही आहे. स्मृतिदिनाच्या लेखांत हा दुसरा भाग क्वचितच येतो. त्याने त्यांचं बलिदान कमी होत नाही, पण तो गाळला की माणूस अर्धाच उरतो.

स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या आरोपांबाबत तर जास्तच जपून लिहायला हवं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी इंग्लंडमध्ये ते आरोप जाहीरपणे मांडले. परतल्यावर पुण्यातलं कुणी नावानिशी पुढे येईना, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून आरोप खोटे ठरतात, असं म्हणता येत नाही. त्या काळी कुठल्या घराने आपल्या लेकीसुनेचं नाव साक्षीसाठी दिलं असतं? पंडिता रमाबाईंनी मात्र त्याच वर्षी प्लेगच्या इस्पितळातल्या स्त्रियांच्या हालांबद्दल स्वतःच्या नावाने वृत्तपत्रात तक्रार केली होती. एका बाईची ही सही केलेली साक्ष २२ जूनच्या कार्यक्रमांत दिसायला हवी.

प्लेगमधलं एक मरण मात्र तारखेनिशी आठवलं जातं. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या आणि मुंढव्याच्या एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली. १३ मार्चला झडत्या सुरू झाल्या, त्याच्या तीन दिवस आधीची ही गोष्ट. तरीही हे दोन्ही प्रसंग एकाच साथीचे म्हणून शेजारी मांडलेले फारसे दिसत नाहीत. एक शिक्षणाच्या आणि समतेच्या परंपरेत गेला, दुसरा सशस्त्र क्रांतीच्या. आठवणारे गट वेगळे, व्यासपीठं वेगळी. ज्या बंगल्यावरच्या मेजवानीहून रँड निघाला, ती आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे आणि २०१४ पासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचं नाव आहे. पुण्याच्या प्लेगवर माहितीपट करणाऱ्याला सुरुवात करायला याहून नेमकी जागा मिळणार नाही.

उरलेल्यांचं काय, तर त्यांच्यासाठी आकड्यांकडे जावं लागतं आणि तिथेही खाचखळगे आहेत. झडतीच्या भीतीने लोक आजारी माणूस लपवत, मरण दडवत, किंवा कारण म्हणून साधा ताप सांगत. त्यामुळे नेमक्या मार्च ते मे १८९७ च्या नोंदींत प्लेगची मरणं कमी दिसण्याची शक्यता मोठी आहे. यावर उपाय म्हणजे फक्त ‘प्लेग’ असा शेरा असलेली मरणं न मोजता त्या महिन्यांतली सगळ्या कारणांची एकूण मरणं घ्यायची, साथीआधीच्या वर्षांतल्या त्याच महिन्यांशी ताडायची आणि वाढ किती ते पाहायचं. त्यातही शहर सोडून गेलेल्यांचा हिशेब करावा लागतो, कारण बरीच कुटुंबं गावी किंवा बाहेरच्या माळांवर झोपड्या घालून राहिली होती आणि तिथे मेलेली माणसं पेठांच्या नोंदींत येत नाहीत.