जुनी मोटरसायकल घेण्यापूर्वीची यांत्रिक तपासणी: पात्रता, कागदपत्रं आणि क्रम

पहिल्यांदाच सेकंडहँड गाडी घेणारा बहुतेक वेळा रंग, टायर आणि मीटरवरचा आकडा बघतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. मी दर दोन-तीन महिन्यांनी कुणा ना कुणासोबत गाडी बघायला जातो. तेव्हा ज्या क्रमाने तपासतो, तोच इथे लिहितोय. उदाहरण शंभर ते दीडशे सीसीच्या, एअरकूल्ड इंजिनच्या साध्या गाडीचं आहे.

पात्रता

चालवून बघितल्याशिवाय ही तपासणी पुरी होत नाही. त्यासाठी तुमचं वय १८ पूर्ण हवं आणि गिअरच्या दुचाकीचं पक्कं लायसन्स हवं. ते नसेल तर लायसन्स असलेला मित्र सोबत न्या आणि गाडी त्यालाच चालवू द्या. गाडीचा विमा चालू आहे का, हेही आधी विचारा. विमा संपलेल्या गाडीवर चक्कर मारताना कुणाला धडक बसली, तर भरपाईचा प्रश्न तुमच्यावरही येऊ शकतो.

तपासणीच्या वेळी समोर हवीत ती कागदपत्रं

मूळ आरसी, विम्याची पॉलिसी, पीयूसी आणि विकणाऱ्याचं ओळखपत्र. आरसीवरचं नाव आणि समोरचा माणूस एकच हवा. "मी घेतली, पण नावावर केली नाही" असं उत्तर आलं तर आधी मूळ मालकाला भेटायचं, मग पुढचं बोलायचं. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा दिसला, तर त्यांची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. नंबर टाकून गाडीची नोंद parivahan.gov.in वर आणि दंडाची पावती बाकी आहे का ते mahatrafficechallan.gov.in वर घरबसल्या बघता येतं.

आरसी हातात असतानाच चेसिस नंबर ताडून बघा. तो बहुधा हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो. तिथली धूळ-ग्रीस ओल्या फडक्याने पुसा आणि एकेक अंक वाचा. अंकांची उंची एकसारखी नसेल, आजूबाजूला कानस फिरवल्याच्या रेघा असतील किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग असेल, तर तिथेच थांबा. अशा गाडीला कुठलीही किंमत जास्तच आहे.

पहिली पायरी: इंजिन थंड हवं

आदल्या दिवशी फोनवर एवढंच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर सर्वांत आधी इंजिनला आणि सायलेन्सरच्या वळणाला बेताने हात लावून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा या. इंजिनाची बरीचशी दुखणी गरम झाल्यावर लपतात. तापलेलं इंजिन अर्ध्या किकमध्ये चालू होतं, पण थंड असताना चार-पाच किका खातं.

चालू करण्याआधी ऑइलची काडी काढून बघा. काळं ऑइल म्हणजे सर्व्हिस लांबली, एवढंच. दुधाच्या चहासारखा फेसाळ रंग असेल तर आत पाणी गेलंय. पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाड्यांत असं आढळतं.

आता चालू करा आणि मागे उभे राहा. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येते आणि मिनिटभरात विरते, ती सोडून द्या. निळसर धूर मात्र विरत नाही आणि त्याला जळक्या तेलाचा वास येतो. तीन-चार मिनिटं गाडी संथ चालू ठेवा आणि मग एकदम रेस द्या. निळ्या धुराचा एकच भपकारा आला, तर बहुतेक वाल्व्ह सील गेलंय. रेस असेपर्यंत धूर येतच राहिला, तर पिस्टन-रिंगपर्यंतचं काम असू शकतं. दोन्हींच्या खर्चात मोठा फरक आहे, म्हणून एवढं एक मेकॅनिकला दाखवूनच ठरवा. चालू केल्यावरची खरखर काही सेकंदांत थांबली नाही, तर टायमिंग चेन सैल झालेली असू शकते.

दुसरी पायरी: पडलेली गाडी ओळखणं

इंजिन दुरुस्त होतं. वाकलेली चेसिस मात्र पूर्ववत होईलच असं नाही, म्हणून इथे घाई करू नका. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ते जिथे अडतं तिथे चेसिसवर एक छोटा ठोकळा असतो. समोरून जोरात धडक बसली की तो चेपतो किंवा तुटतो आणि नंतर वेल्डिंग करून बसवला जातो. टाकीच्या पुढच्या कडेला, हँडलच्या रेषेत पोचा दिसला तर तो त्याच धडकेचा असू शकतो.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मधोमध किंचित अडकून 'टक्' जाणवलं, तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. पुढचा ब्रेक दाबून हँडल पाच-सहा वेळा खाली दाबा आणि शॉकअपच्या चकचकीत दांडीवर बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर ऑइल सील बदलावं लागेल. दांडीवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही लवकर फाटतं, मग दांडीचाही खर्च धरा.

सरळ रिकाम्या रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघा, हँडल न सोडता. तिसऱ्या गिअरमध्ये हळू असताना रेस वाढवा. आवाज चढला पण वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपल्यात.

तिसरी पायरी: मीटरवरचा आकडा पडताळणं

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या मुलासोबत एक दीडशे सीसी बघितली. नोंदणी जून २०१९ ची, मीटरवर १८,४०० किलोमीटर. मागच्या टायरच्या कडेला चौकटीत चार अंक होते, ३५२२. म्हणजे २०२२ चा ३५ वा आठवडा, ऑगस्टअखेर. म्हणजे हा टायर नंतर बसवलेला, आणि तोही खाचेतल्या खुणेपर्यंत झिजलेला. अशा गाडीचा मागचा टायर साधारण वीस हजारांच्या आसपास चालतो. १८,४०० मध्ये दोन टायर संपणं पटेना. पहिला फाटल्यामुळे बदलला असेल म्हणून मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातेरी चक्र, बघितलं. त्याचे दातही झिजून एका बाजूला हुकासारखे झुकले होते. सीट उघडली तर टूलकिटच्या पिशवीत २०२३ ची सर्व्हिसची पावती सापडली, त्यावर २७,९००. विचारल्यावर मालक म्हणाला, मीटर बिघडलं तेव्हा दुसरं जुनं बसवलं होतं.

इंजिन आणि चेसिस ठीक होती, म्हणून सौदा मोडला नाही. चेन-स्प्रॉकेट २,२००, मागचा टायर २,६००, ऑइल सील ९००, कोन सेट ८००, असा मेकॅनिकने ६,५०० चा अंदाज लिहून दिला. तो वजा झाला, शिवाय धावणं जास्त म्हणून आणखी चार हजार कमी झाले.

पसंत पडली तर

पैसे पूर्ण देण्याआधी गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या करा. कोऱ्या फॉर्मवर सही देऊ-घेऊ नका. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमा आपल्या नावावर करायची मुदतही १४ दिवसांचीच आहे. ताबा घेतल्याची तारीख आणि वेळ व्यवहाराच्या पावतीवर लिहून घ्या, कारण त्याआधीचे दंड कुणी भरायचे ते त्यावरूनच ठरतं.