कबड्डी खेळणाऱ्याने चष्मा घालवायला लेसर कोणता करावा?

परभणीकडचा एक बावीस वर्षांचा कबड्डीपटू घ्या. चष्मा उणे ५, कॉर्नियाची जाडी ५२० मायक्रॉन. कॉर्निया म्हणजे बाहुलीसमोरचा पारदर्शक पडदा आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेसर कॉर्निया पातळ करून नंबर घालवतो; एका नंबरामागे साधारण १५ मायक्रॉन धरले, तर याचे ७५ मायक्रॉन जातील.

लॅसिक या पद्धतीत आधी कॉर्नियाचा सुमारे ११० मायक्रॉन जाडीचा वरचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, कापतात, एका बाजूने जोडलेला ठेवून उलटतात, खालचा थर लेसरने घासतात आणि फ्लॅप परत बसवतात. खाली ३३५ मायक्रॉन उरतात. किमान २५० हवेत आणि बरेच सर्जन ३०० मागतात, म्हणजे जाडीची अडचण नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेकांना छान दिसतं. लग्न तोंडावर आलेल्यांना हेच हवं असतं.

पण फ्लॅपची कड वरवर बुजते, आतला सांधा मात्र कधीच पूर्वीइतका पक्का होत नाही. तो सरकण्याचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो, पण डोळ्यात बोट किंवा कोपर जोरात लागलं, तर काही वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणं आहेत. मार लागल्यावर एकदम दुखलं, पाणी आलं आणि अंधुक दिसू लागलं, तर डोळा न चोळता त्याच दिवशी सर्जनकडे जायचं. वेळेत गेलं तर सुरकुत्या काढून फ्लॅप पुन्हा नीट बसवता येतो.

या खेळाडूसाठी मी तरी लॅसिक बाजूला ठेवेन.

पृष्ठभागावरच्या लेसरमध्ये, म्हणजे पीआरकेमध्ये, फ्लॅपच नसतो. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर मारतात. ती परत येईपर्यंत तीन ते पाच दिवस पट्टीसारखी लेन्स डोळ्यात असते. तेवढे दिवस डोळे चांगलेच दुखतात, आणि नजर स्थिरावायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. पुढे कॉर्नियावर धूसर डाग येऊ शकतो आणि तीव्र उन्हाने तो धोका वाढतो. म्हणून मराठवाड्यातल्या एप्रिल-मे महिन्यांत हे करायचं असेल, तर गॉगलशिवाय बाहेर पडायचं नाही.

तिसरी पद्धत लेंटिक्यूल काढण्याची, स्माइल या नावाने माहीत असलेली. लेसर कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती, म्हणजे लेंटिक्यूल, कोरतो आणि दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून सर्जन ती ओढून काढतो. इथेही सरकायला फ्लॅप नाही. नजर लॅसिकपेक्षा थोडी उशिरा, पण काही दिवसांत येते.

लेसरनंतर डोळे कोरडे पडतात, त्याचं कारण कापलेल्या नसा. त्या कॉर्नियाच्या कडेकडून मध्याकडे येतात. फ्लॅप कापताना बिजागरीची बाजू सोडून जवळपास सगळीकडून तुटतात. मग डोळा कोरडा पडल्याची खबर मेंदूला नीट पोचत नाही, अश्रू आणि पापण्यांची उघडझाप कमी होते. स्माइलच्या छोट्या फटीत नसा कमी तुटतात, म्हणून सुरुवातीचे महिने सुसह्य जातात. पीआरकेनंतरही डोळे कोरडे पडतात. बहुतेकांचा त्रास सहा महिने ते वर्षभरात ओसरतो, पण आधीच कोरडे डोळे असतील आणि दिवसभर कूलरच्या झोतात बसणं होत असेल, तर अश्रूंची तपासणी आधी करून घ्यावी.

लेंटिक्यूलचीही एक गोची आहे. नंतर थोडा नंबर उरलाच, तर लॅसिकचा फ्लॅप उचलून दुरुस्ती करता येते. इथे उचलायला काही नसल्याने बहुधा पीआरकेच करावं लागतं, त्या दुखऱ्या दिवसांसकट.