arg((z−a)/(z−b)) फिक्स केला की अख्खं वर्तुळ का मिळत नाही?

बारावीला किंवा जेईईच्या क्लासला कॉम्प्लेक्स नंबर केलेल्या बहुतेकांना हा प्रश्न भेटलेला असतो. arg((z−2)/(z+2)) = π/4 असेल तर z चा बिंदुपथ काढा. आणि बहुतेक जण उत्तर लिहितात "वर्तुळ", जे अर्धवट बरोबर आहे. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो उरलेला अर्धा भाग कुठे हरवतो ते नीट बघितलं की आर्ग्युमेंट म्हणजे नक्की काय हे कायमचं डोक्यात बसतं.

आधी चित्र बघू. z−2 म्हणजे 2 या बिंदूपासून z पर्यंतचा बाण, आणि z+2 म्हणजे −2 पासून z पर्यंतचा बाण. आर्ग्युमेंट म्हणजे तो बाण उजवीकडच्या आडव्या दिशेपासून किती वळलाय तो कोन. कॉम्प्लेक्स नंबरांचा भागाकार केला की कोनांची वजाबाकी होते, म्हणून या गुणोत्तराचं आर्ग्युमेंट म्हणजे दुसऱ्या बाणापासून पहिल्या बाणापर्यंत किती वळावं लागतं ते, आणि z वर उभं राहून बघितलं तर तोच कोन त्या दोन बिंदूंमध्ये दिसतो. तर अट इतकीच आहे की z वरून −2 आणि 2 मधला कोन कायम 45 अंश दिसला पाहिजे. इथे दहावीची भूमिती येते, एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सगळे कोन एकरूप असतात, म्हणजे z वर्तुळाच्या कंसावर फिरणार.

आता आकडेमोड करू. z = x+iy घ्या, वर-खाली छेदाच्या कॉन्जुगेटने गुणा, छेद शून्यापेक्षा मोठी वास्तव संख्या होतो, त्यामुळे आर्ग्युमेंटवर त्याचा काही परिणाम नाही, आणि अंशात उरतं

(x² + y² − 4) + 4yi

आर्ग्युमेंट π/4 हवं म्हणजे वास्तव भाग आणि काल्पनिक भाग सारखे हवेत आणि दोन्ही धन हवेत. सारखे ठेवले की x² + y² − 4 = 4y, म्हणजेच x² + (y−2)² = 8. केंद्र 2i, त्रिज्या 2√2. इथवर सगळे येतात. पण "दोन्ही धन" ही अट विसरतात, कारण वर्गात शिकवताना बहुतेकदा tan घेतात, काल्पनिक भागाला वास्तव भागाने भागून 1 लिहितात, आणि tan ला 45 अंश आणि −135 अंश यांतला फरक कळत नाही, दोन्हीकडे उत्तर 1 च येतं. y > 0 ही अट लावली की वरचा विशालकंस उरतो, खालचा लघुकंस गळतो.

खात्री करायची तर z = 2+4i घ्या. z−2 = 4i, कोन 90. z+2 = 4+4i, कोन 45. फरक 45, बरोबर. आता त्याच वर्तुळाचा सगळ्यात खालचा बिंदू घ्या, साधारण −0.83i. पहिला कोन −157.5 येतो, दुसरा −22.5, फरक −135. वर्तुळ तेच आहे पण हा बिंदू उत्तरात नाही. टोकंही नाहीत, 2 वर अंश शून्य होतो आणि शून्याला आर्ग्युमेंट नसतं, −2 वर छेद शून्य.

कोन बदलला तर काय होतं तेही बघा. 90 केला की अर्धवर्तुळ, 90 च्या पुढे नेला की लघुकंस, आणि 180 ला पोचला की कंस पार सपाट होऊन −2 ते 2 मधला सरळ तुकडा. −45 घेतला तर पहिल्या कंसाचं x अक्षाखालचं प्रतिबिंब मिळतं.

समुद्रावर हेच गणित जहाजाची जागा काढायला वापरतात. किनाऱ्यावरच्या नकाशातल्या दोन खुणांमधला आडवा कोन सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने मोजायचा, जहाज एका ठराविक कंसावर आहे हे कळतं. खुणा 4 किमी अंतरावर आणि कोन 45 अंश असेल तर त्रिज्या साधारण 2.83 किमी. सेक्स्टंट कोनच दाखवतो, tan नाही, म्हणून 45 आणि 135 चा घोळ होत नाही, आणि कुठली खूण उजवीकडे दिसते त्यावरून रेषेची कुठली बाजू ते ठरतं. मग तिसरी खूण घेऊन मधली आणि तिसरी यांच्यातला कोन मोजायचा, दुसरा कंस मिळतो. दोन्ही कंसांची वर्तुळं मधल्या खुणेतून जातातच, त्यामुळे त्यांचा दुसरा छेदबिंदू म्हणजे जहाज. डच गणितज्ञ स्नेलने 1617 मध्ये छापलेल्या जमीन मोजणीत ही तीन खुणांची पद्धत वापरली होती.

पण जहाज नेमकं त्या तिन्ही खुणांमधून जाणाऱ्या वर्तुळावर असेल तर दोन्ही वर्तुळं एकच होतात, आणि कितीही काटेकोर मोजलं तरी त्या कंसावर आपण कुठे आहोत ते कळत नाही. वर्तुळाच्या जवळपास असलं तरी त्रास आहेच, दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर बसतात आणि कोनात जराशी चूक झाली की जागा बरीच सरकते. म्हणून खुणा निवडतानाच काळजी घेतात, तिन्ही एका सरळ रेषेत असतील तर उत्तम, नाहीतर मधली खूण बाकी दोघींपेक्षा जहाजाला जवळ हवी.