२.९५ टक्के जादा म्हणजे २.९५ टक्के व्याज नव्हे

‘आता घ्या, पैसे नंतर द्या’ अशा योजनेत वस्तू घेतलेल्या माणसाला ती महाग पडली का, असे विचारले की ठरलेले उत्तर येते: व्याज शून्य होते, फक्त प्रोसेसिंग फी लागली आणि तीही किमतीच्या तीन टक्क्यांच्या आतच. त्याच दमात पुढचे वाक्य येते: मुदत ठेवीवर सात टक्के मिळतात, मग तीन टक्के देऊन पैसे ठेवीत राहू देणे फायद्याचेच नाही का? पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे चूक आहे आणि ही चूक हिशेबात तरबेज असलेली माणसेही वर्षानुवर्षे करीत आली आहेत. रोख किमतीपेक्षा किती टक्के जास्त दिले आणि वापरलेल्या पैशाला वर्षाकाठी किती टक्के दर पडला, या दोन निरनिराळ्या संख्या आहेत. दोन्हींपुढे टक्क्याचे चिन्ह असते, पण तेवढ्यावरून त्यांची थेट तुलना करता येत नाही.

पहिली संख्या सर्वांना काढता येते, त्यामुळे तिच्यावर फार वेळ घालवत नाही. २४,००० रुपयांचा फोन, ४,००० रुपयांचे सहा समान हप्ते, पहिला हप्ता खरेदीनंतर एका महिन्याने, आणि खरेदीच्या दिवशी ६०० रुपये प्रोसेसिंग फी, असे उदाहरण घेऊ. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे हातचे ७०८ रुपये जातात. जीएसटी विसरून सहाशेच धरणे ही किरकोळ पण नित्याची चूक आहे. एकूण भरणा २४,७०८ रुपये, जादा ७०८ रुपये, आणि ७०८ भागिले २४,००० म्हणजे २.९५ टक्के. भागाकार रोख किमतीनेच करायचा, एकूण भरण्याने नाही, एवढे लक्षात ठेवले की हा भाग संपला.

खरा घोळ यापुढे आहे. हे २.९५ टक्के २४,००० रुपयांवर काढलेले आहेत, पण २४,००० रुपये सहा महिने तुमच्याकडे असतात कुठे? पहिल्या महिन्यात तुम्ही २४,००० रुपयांचे देणेकरी असता. पहिला हप्ता गेला की २०,००० उरतात, मग १६,०००, १२,०००, ८,००० आणि शेवटच्या महिन्यात फक्त ४,०००. या सहा आकड्यांची बेरीज ८४,००० होते आणि सरासरी १४,०००. म्हणजे सहा महिन्यांच्या काळात तुम्ही सरासरीने १४,००० रुपयेच वापरले आणि त्यासाठी ७०८ रुपये मोजले. हे सहा महिन्यांचे सुमारे ५.०६ टक्के झाले, वर्षाचे १०.१ टक्के. शिवाय फी पहिल्याच दिवशी कापली गेल्यामुळे प्रत्यक्षात हाती आलेली उधारी २४,००० नसून २३,२९२ होती. तो फरक धरून काटेकोर हिशेब केला की वार्षिक दर सुमारे १०.३५ टक्के येतो. ज्याला ताळा करून पाहायचा आहे, त्याने स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकावे:

```
=RATE(6,-4000,23292)*12
```

आता ठेवीचा युक्तिवाद. तो मला विशेष खटकतो, कारण तो अर्धाच मांडला जातो. रोख दिले असते तर २४,००० रुपये ठेवीतून काढावे लागले असते. हप्ते घेतल्यामुळे ते सहा महिने ठेवीत राहिले आणि सात टक्के दराने ८४० रुपये व्याज मिळाले. फी ७०८ गेली, म्हणजे १३२ रुपये सुटले, असा हा हिशेब. पण ठेवीला हात लागला नसेल तर दरमहाचे ४,००० रुपये पगारातून गेले. रोख खरेदी केली असती तर पगारातले हेच ४,००० रुपये दर महिन्याला शिल्लक राहिले असते आणि त्यांनाही त्याच दराने व्याज लागले असते: पहिल्या चार हजारांना पाच महिने, दुसऱ्यांना चार, तिसऱ्यांना तीन, असे करत शेवटच्यांना शून्य. त्याची बेरीज ३५० रुपये होते. हे बुडालेले ३५० रुपये ८४० मधून वजा करा. हप्त्यांमुळे वाचलेले व्याज उरते ४९०. हप्ते पगारातून भरा नाहीतर ठेव मोडून भरा, आकडा ४९० च राहतो, कारण मोलाचे काही असेल तर ते सरासरी १४,००० रुपये सहा महिने वापरायला मिळणे हेच आहे. त्यासाठी ७०८ रुपये दिले, म्हणजे व्यवहार २१८ रुपयांनी तोट्यात गेला. ठेवीवर १० टक्क्यांहून थोडे अधिक मिळत असते, तरच तो बरोबरीत सुटला असता.

स्प्रेडशीट जवळ नसेल तेव्हा एक ठोकताळा पुरतो. जादा टक्क्यांना २४ ने गुणावे आणि हप्त्यांच्या संख्येत एक मिळवून त्याने भागावे. इथे २.९५ गुणिले २४ भागिले ७, म्हणजे १०.१. फी आगाऊ कापली जात असल्यामुळे खरा दर याहून थोडा जास्तच निघतो, पण दुकानात उभ्या उभ्या निर्णय घ्यायला एवढी अचूकता भरपूर झाली. ‘वर्षाचे करायचे म्हणून सहा महिन्यांच्या टक्क्यांची दुप्पट’ हा जो दुसरा प्रचलित ठोकताळा आहे, त्याने ५.९ येते, तो वापरू नये, कारण मुद्दल दर महिन्याला घटते हे तो पूर्णपणे विसरतो.

दोन्ही संख्या किती स्वतंत्र आहेत, ते मुदत बदलून पाहिले की ध्यानात येते. तोच फोन आणि तीच ७०८ रुपयांची फी ठेवून हप्ते तीनच केले, तर जादा टक्के २.९५ च राहतात, पण वार्षिक दर १८ टक्क्यांच्या वर जातो. बारा हप्ते केले तर तो साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरतो आणि मग ठेवीचा युक्तिवाद खरोखरच टिकतो. सहा हप्त्यांच्या योजनेत पहिला हप्ता महिन्याने न घेता खरेदीच्याच दिवशी घेतला, तर १०.३५ चे साधारण १४.६ टक्के होतात. जाहिरातीत ‘सहा सोपे हप्ते’ एवढेच असते. पहिला हप्ता कधी, हे विचारल्याशिवाय कळत नाही आणि विचारणारे फार थोडे.

इथपर्यंत रोख किंमत २४,००० हे गृहीत धरले. व्यवहारात मोठा खड्डा इथेच असतो. रोख किंवा यूपीआयने पैसे देणाऱ्याला दुकानदार १,२०० रुपयांची सूट देत असेल आणि हप्तेवाल्याला देत नसेल, तर खरी रोख किंमत २२,८०० आहे. सोडून दिलेली सूट हा हप्त्यांचाच खर्च आहे. जादा रक्कम १,९०८ रुपये होते, जादा टक्के ८.३७, आणि वार्षिक दर जवळजवळ २९ टक्के. क्रेडिट कार्डाच्या व्याजाचा काटा नको म्हणून जे या योजनांकडे वळतात, त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. ‘व्याज शून्य’ या शब्दांवर रिझर्व्ह बँकेचाही फारसा विश्वास नाही: शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे तिने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते.

हा वार्षिक दर स्वतः काढत बसावा लागू नये, अशी सोय आता कागदोपत्री आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाला मुख्य तथ्य पत्रक द्यावे लागते, म्हणजेच केएफएस, आणि त्यात प्रोसेसिंग फी व विम्यासारखे तिसऱ्याच्या वतीने घेतलेले आकार धरून वार्षिक टक्केवारी दर, अर्थात एपीआर, छापावा लागतो. ॲपवर संमतीच्या बटणाआधी उघडणारे हे पत्रक न वाचता पुढे सरकवणे ही माझ्या मते या सबंध व्यवहारातली सर्वांत महागडी घाई आहे. निदान त्यातला तो एक आकडा तरी पाहावा. मात्र त्याच्या मर्यादाही माहीत असाव्यात. रोखीवरची सोडलेली सूट कर्ज देणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून ती एपीआरमध्ये येत नाही. वरच्या उदाहरणात पत्रक १०.३५ दाखवील आणि तुम्हाला पडलेला दर २९ असेल. क्रेडिट कार्डावरची येणी या नियमातून वगळलेली आहेत. कार्डावरच्या नो कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज लावते आणि तेवढीच रक्कम सूट म्हणून किमतीतून कमी केलेली असते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकाच्याच बिलात येतो आणि तो प्रोसेसिंग फीमध्ये मिळवूनच जादा रक्कम काढावी लागते.

मग कोणती संख्या केव्हा वापरायची? वस्तू परवडते का, हे ठरवायचे असेल तर टक्केसुद्धा नकोत, ७०८ हा रुपयांचा आकडा पुरे. दोन दुकानांतल्या सारख्या मुदतीच्या योजनांची तुलना जादा टक्क्यांवर करता येते. पण ठेव, सोनेतारण, पतसंस्थेचे कर्ज किंवा वेगळ्या मुदतीची दुसरी योजना समोर असेल, तर वार्षिक दराखेरीज दुसरे काही वापरू नये.

मुदतीपूर्वी फेड करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहून ठेवावी. व्याजाच्या कर्जात लवकर फेडले की पुढचे व्याज वाचते. इथे खर्च आधीच फीच्या रूपाने गेलेला असतो आणि ती फी सहसा परत मिळत नाही. आपल्या उदाहरणात पहिला हप्ता वेळेवर देऊन दुसऱ्या महिन्यात उरलेले २०,००० रुपये एकदम भरले, तर वेगळा दंड नसला तरी जादा रक्कम ७०८ च राहते, जादा टक्के २.९५ च राहतात आणि वार्षिक दर मात्र १०.३५ वरून १९.८ टक्क्यांवर जातो.